हाकेला ओ

परभणीच्या मोंढ्यात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक ऐन भरात येते. तिच्या पाठोपाठ कापूस आणि मग तूर. या तीन-चार महिन्यांत आडतीच्या दुकानातला माणूस घरी केवळ निजायला येतो, असे मोंढ्यावर गमतीने म्हटले जाते. त्या गमतीची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी बोलून दाखवत नाही. जो घरी केवळ निजायला येतो, त्याच्या घरी जागे असणाऱ्या माणसाचे काय होते? आणि ज्याला घरी येऊन केवळ निजावेसे वाटते, त्याचे तरी काय झालेले असते?

येथे असेच एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर कुणा एकाचे नाही. व्यापारी वस्तीतील अनेक घरांतला परिचित दिनक्रम एकत्र करून ते मांडले आहे, म्हणून त्यातील माणसांना नावे दिलेली नाहीत. लग्नाला एकोणीस वर्षे झालेले जोडपे, सोबत सत्तरी ओलांडलेल्या आई आणि एक मुलगी. मुलगी दहावीनंतर जून महिन्यात शिकायला लातूरला गेली. घरात भांडण नाही, व्यसन नाही, पैशाची उघड चणचण नाही. मंदिर, पाहुणे, लग्नकार्ये सारे रीतसर चालते. तरीही या घरातली गृहिणी एके संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना स्वतःशीच म्हणते, “आज दिवसभरात माझ्याशी कोण बोललं?” आणि तिला उत्तर सापडत नाही. सासूबाई बोलल्या होत्या, पण औषधाबद्दल. यजमान बोलले होते, पण डब्याबद्दल. भाजीवाली बोलली होती. तिच्याशी, म्हणजे तिच्या मनाशी, कुणीच बोलले नव्हते.

भरल्या घरातला एकटेपणा

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात एक साधा, पण महत्त्वाचा भेद केला. एक एकटेपणा असतो ओळखीपाळखीच्या माणसांच्या अभावाचा. नव्या गावी बदली झालेल्या माणसाला तो जाणवतो, आणि शेजारी, मित्र, मंडळ मिळाले की तो ओसरतो. दुसरा एकटेपणा असतो जिवाभावाच्या एका माणसाच्या अभावाचा. वाइस यांचे म्हणणे असे, की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. भरपूर गोतावळा असला, तरी ज्याच्यापाशी मन उघडावे असे माणूस नसेल, तर दुसरा एकटेपणा जसाच्या तसा राहतो.

आपल्याकडे हा भेद लक्षात न घेतल्याने पुष्कळ गैरसमज होतात. घरातली सून उदास दिसली, की तिला सांगितले जाते, “मंडळात जात जा, मन रमेल.” ती जाते. तिथे भजन होते, हास्यविनोद होतो, चार ओळखी वाढतात. घरी परतून कुलूप उघडताना मात्र पुन्हा तेच वाटते. मग तिला स्वतःचाच दोष वाटू लागतो, की सगळे असूनही आपण समाधानी का नाही? वस्तुतः तिच्यात दोष नसतो. तिला तहान लागलेली असते आणि लोक जेवण वाढत असतात.

या घरात तर पहिला एकटेपणा मुळीच नव्हता. समाज लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. दुसरा एकटेपणा मात्र हळूहळू साचत गेला होता आणि मुलगी घरात होती तोवर तो झाकलेला होता. कारण पती-पत्नीचे अर्धे बोलणे मुलीच्या निमित्ताने आणि उरलेले मुलीच्या मार्फत चालत असे. “बाबांना सांग, दळण आणायचंय.” “आईला विचार, चावी कुठंय.” मुलगी लातूरला गेली आणि दोघांमधला पूलच निघाला. तेव्हा कळले, की पुलाखाली पाणी कधीचे आटले होते.

हाक कशी ओळखावी

वैवाहिक जीवनाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९९०च्या सुमारास एक घरासारखी प्रयोगशाळा तयार केली. नवविवाहित जोडप्यांनी तिथे एक दिवस नेहमीसारखा घालवायचा. स्वयंपाक करायचा, वाचायचे, गप्पा मारायच्या, आणि त्यांच्या वागण्याचे चित्रण व्हायचे. या चित्रणातून गॉटमन यांच्या लक्षात आले, की जोडपी दिवसभर एकमेकांना बारीकबारीक हाका मारत असतात. त्या हाका फार साध्या असतात. “बघ, बाहेर आभाळ भरून आलंय.” “आज पाठ धरलीय जरा.” “भाऊचा फोन आला होता.” वरकरणी ही माहिती असते, पण आत एक विचारणा असते, की तुझे लक्ष आहे का माझ्याकडे?

अशा हाकेला तीन प्रकारचे उत्तर मिळू शकते. दुसरा माणूस वळतो आणि ओ देतो, निदान “हो का? काय म्हणाला भाऊ?” एवढे तरी विचारतो. किंवा तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो, मोबाइलवरची नजर न काढता “हं” म्हणतो. किंवा तो चिडून उत्तर देतो, “आत्ताच आलोय, जरा दम घेऊ दे.” सहा वर्षांनी त्याच जोडप्यांची विचारपूस केली, तेव्हा ज्यांचे लग्न टिकले होते त्यांनी प्रयोगशाळेतल्या त्या दिवशी १०० पैकी सुमारे ८६ हाकांना ओ दिलेली आढळली. ज्यांचा घटस्फोट झाला होता त्यांनी सुमारे ३३ हाकांना. हे आकडे अमेरिकेतल्या जोडप्यांचे आहेत, आणि ओ दिल्यामुळेच लग्न टिकले असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. नाते चांगले असले की ओ आपोआप दिली जाते, असेही असू शकते. शिवाय आपल्याकडे लग्न मोडत नाही म्हणून नाते जिवंत आहे, असाही अर्थ होत नाही. पण त्या अभ्यासाने पाहायचे कुठे, हे नक्कीच दाखवून दिले. मोठे वाद, वाढदिवस, सहली यांच्याकडे पाहू नये. दिवसभरातल्या या किरकोळ वाक्यांकडे पाहावे.

मराठीत यासाठी आधीपासूनच शब्द आहे. हाकेला ओ देणे.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. डिसेंबरातला एक दिवस घेऊ. यजमान साडेसहाला मंदिरात जातात, साडेनऊला मोंढ्यावर. लिलाव, काटा, पट्ट्या, हमाली, शेतकऱ्यांचे पैसे, बँक. दुपारी डबा दुकानावर जातो. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे, आणि डिसेंबरात परभणीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून सासू-सून सव्वापाचला जेवून घेतात, आणि यजमान दुसरा लहान डबा दुकानावरच साडेपाचला उघडतात. रात्री सव्वानऊला ते घरी येतात तेव्हा जेवण उरकलेले असते. ज्या घरात रात्री उशिरा का होईना, एकत्र ताट वाढले जाते, तिथे निदान पंधरा मिनिटे समोरासमोर बसणे होते. नेम पाळणाऱ्या व्यापारी घरात हंगामात तेही निमित्त उरत नाही. नेमाचा यात दोष नाही. पण नेमाने जी वेळ बदलली, तिच्या जागी दुसरी भेटीची वेळ कुणी ठरवली नाही, ही चूक राहून गेली.

यजमान सोफ्यावर बसतात. मोबाइलवर उद्याचे भाव, गटांवरचे निरोप. पत्नी म्हणते, “गच्चीवरच्या कुंडीत चिमणीनं घरटं केलंय.” ते म्हणतात, “हं.” थोड्या वेळाने ते स्वतःहून म्हणतात, “आज हमालांनी तासभर काम बंद ठेवलं.” ती पंख्याखाली कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणते, “तुमचं रोजचंच आहे.” आतल्या खोलीतून आईंचा आवाज येतो, “गॅस बंद केला का ग?” अर्ध्या तासातली ही तिसरी वेळ. “केला हो आई, किती वेळा सांगू?”

दहा मिनिटांत तीन माणसांनी हाका मारल्या आणि तिन्ही वाया गेल्या. चिमणीचे घरटे ही हाक होती. हमालांची बातमी ही हाक होती, आणि ती न ओळखणारी पत्नीच होती, हेही लक्षात घ्यावे. गॅसचा प्रश्न तर नक्कीच हाक होती. सत्तरीतल्या बाईला गॅसची तेवढी काळजी नसते. घरात अजून कुणी आपल्या आवाजाला उत्तर देते का, हे ती चाचपून पाहत असते. येथे कुणीही दुष्ट नाही. तिघेही एकटे आहेत आणि तिघांनाही वाटते आहे, की आपणच तेवढे एकटे.

हा एकटेपणा आहे हे ओळखायचे कसे? भांडणे वाढली की नाते बिघडले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात धोक्याची खूण उलटी असते, ती म्हणजे हाकाच बंद होतात. पुन्हा पुन्हा ओ न मिळालेला माणूस हाक मारणे सोडून देतो, आणि घर फार शांत, फार समजूतदार दिसू लागते. आणखी काही खुणा आहेत. आनंदाची किंवा दुःखाची बातमी आधी बहिणीला, मित्राला सांगितली जाते आणि घरात नंतर, किंवा कधीच नाही. बोलणे काम, खर्च आणि मुले या तीन खात्यांपलीकडे जात नाही. काम नसताना दुकान उशिरा बंद होते. दिवा लवकर मालवला जातो, झोप आलेली नसते तरी.

न सांगितलेली बुडीत उधारी

या घरात शेवटी गोष्ट उघडी पडली ती एका साखरपुड्यात. मांडवात एका नातलग बाईने सहज विचारले, “तुमच्या त्या पार्टीचं काय झालं? पैसे मिळाले का?” गृहिणीला काहीच ठाऊक नव्हते. तिने हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर कळले, की दिवाळीपूर्वी ज्या खरेदीदाराला उधारीवर माल दिला होता, त्याने साडेचार लाख रुपये थकवले होते आणि तो दोन महिन्यांपासून फोन उचलत नव्हता.

व्यापारी घरांतल्या एकटेपणाचा हा खास आपला प्रकार आहे. दुकानाचे दुकानात ठेवावे, घरच्यांना घोर लावू नये, अशी शिकवण पुरुषाला लहानपणापासून मिळते. त्यामागची भावना चांगलीच असते. पण घरातल्या माणसाला आकडा कळला नाही, तरी चेहरा दिसतोच. गृहिणीने गेले दोन महिने यजमानांचे गप्प राहणे पाहिले होते आणि त्याचा अर्थ लावला होता, की ‘मी यांना नकोशी झाले आहे.’ यजमानांनी तिचे तुटक बोलणे पाहिले होते आणि त्याचा अर्थ लावला होता, की ‘हिला माझ्या कष्टांची किंमत नाही.’ दोघांचाही हिशेब चुकला होता, कारण मूळ नोंदच दडवलेली होती. पैसे बुडाल्याच्या दुःखापेक्षा, ते मांडवात परक्या तोंडून ऐकावे लागले, याचे दुःख तिला अधिक झाले.

त्या रात्री दोघे भांडले. परंतु पुष्कळ दिवसांनी ते खऱ्या विषयावर भांडले. यजमान अखेर म्हणाले, “तुला सांगून काय झालं असतं? तू थोडीच वसूल करून आणणार होतीस?” आणि ती म्हणाली, “वसूल नसते केले, पण तुम्ही एकटे तर नसता ना राहिलात?” या एका वाक्यात सारे मर्म आहे. पुष्कळ पुरुष बोलत नाहीत, कारण बोलणे म्हणजे तोडगा मागणे असे ते मानतात. ज्याला तोडगा नाही, ते बोलायचे कशाला? घरातले दुसरे माणूस मात्र तोडगा मागत नसते. ते वाटा मागत असते.

लहान उपाय, आणि ते कुठे चुकतात

अशा भांडणानंतर माणसे सहसा काहीतरी मोठे करू पाहतात. चार दिवस महाबळेश्वर, एखादा दागिना, किंवा ‘आज बसून सगळे बोलूनच टाकू’ अशी बैठक. सहलीत चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी तोच सोफा, तोच मोबाइल. बैठकीत तर वर्षानुवर्षांची थकबाकी एकदम मागितली जाते. “तुम्ही कधीच बोलत नाही,” हे वाक्यसुद्धा एक हाकच असते, पण ती आरोपाच्या वेषात येते आणि समोरचा माणूस ओ देण्याऐवजी वकिली करू लागतो. त्याऐवजी “आज संध्याकाळी मला फार एकटं वाटलं, दहा मिनिटं बसता का?” असे म्हटले, तर नेमके काय हवे ते कळते आणि ते देणे शक्यही असते.

या घराने काय केले ते पाहू. पहिली गोष्ट घरी परतल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांची. मोबाइल दाराजवळच्या फडताळात ठेवायचा, हातपाय धुवायचे आणि आईंच्या खोलीत तिघांनी बसायचे. या दहा मिनिटांत कामाचा निरोप, खर्च आणि मुलीचे गुण हे विषय नाहीत. पहिले चार दिवस अवघड गेले. विषयच सुचेना. हे होणारच. पुष्कळ दिवस बंद असलेल्या नळाला आधी हवाच येते. पाचव्या दिवशी यजमानांनी विचारले, “चिमणीच्या घरट्यात पिल्लं झाली का?” गृहिणीला आश्चर्य वाटले, कारण ती गोष्ट त्यांनी त्या वेळी ऐकलीच नाही, असे ती समजून होती.

हा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. “आज काय केलंस?” या प्रश्नाला “काही नाही, नेहमीचंच,” एवढेच उत्तर येते. मागे सांगितलेल्या गोष्टीचा धागा पकडून विचारलेला प्रश्न मात्र सांगतो, की तू बोललेले माझ्याजवळ राहिले आहे. वाया गेलेली हाक अशी नंतरही सांभाळता येते. “मघाशी तू काही सांगत होतीस, माझं लक्ष नव्हतं. काय म्हणत होतीस?” हे एक वाक्य थकलेल्या माणसालाही म्हणता येते. प्रत्येक हाकेला तत्काळ ओ देणे कुणालाच जमत नाही. लिलाव चालू असताना आलेला घरचा फोन उचलता येत नाही. पण तो नंतर आठवणीने परत केला, तर हाक बुडीत खात्यात जात नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. आठवड्यातून दोन दिवस मुनीमजींवर दुकान सोपवून यजमान पाच वाजता घरी येऊ लागले आणि तिघे सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवू लागले. जाऊन-येऊन जेमतेम पाऊण तास. आवक जास्त असेल त्या आठवड्यात हेही जमत नसे. मग घरची वेळ थोडी पुढे सरकवून साडेपाचला, दुकानावर डबा उघडला की घरी फोन लावायचा, असा प्रघात पडला. फोन मध्ये ठेवून दोन्हीकडे जेवायचे. “आज मेथी कडू झाली का?” “नाही, छान झालीय. आई जेवतायत का नीट?” बोलणे एवढेच. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा हंगामही नसतो. त्या महिन्यांत रोज एकत्र जेवणे कठीण नाही. कठीण महिने कोणते आहेत हे ओळखून त्यांच्यापुरती सोय करणे, एवढेच काय ते नियोजन.

तिसरी गोष्ट दुकानाची. रोज एक नोंद घरी सांगायची. सगळा रोजमेळ नव्हे, एकच नोंद. ती चांगली असो वा वाईट. ऐकणाऱ्यासाठीही एक नियम केला, की लगेच सल्ला द्यायचा नाही आणि “मी आधीच म्हणत होते” हे वाक्य तर मुळीच नाही. येथे सुरुवातीला गाडी अडली. दुसऱ्याच दिवशी यजमानांनी सांगितले, की थकबाकीदाराच्या गावी जाऊन आलो, तो भेटला नाही. गृहिणी म्हणाली, “उधारीवर द्यायचंच कशाला?” यजमान दोन दिवस पुन्हा गप्प झाले. तिसऱ्या दिवशी तिने तो विषय स्वतःहून काढला, “परवा तुम्ही तिकडून आलात तेव्हा फार दमला होता. मी विचारायला हवं होतं.” नोंद पुन्हा सुरू झाली. उपाय असे मोडतात आणि पुन्हा जोडावे लागतात. मोडले म्हणून सोडून देणे, हीच खरी चूक.

रमाबाईंची रात्रीची शाळा

भरल्या घरातल्या एकटेपणाची एक नोंद मराठी साहित्यात फार जुनी आहे. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई बत्तीशीच्या उंबरठ्यावर असलेल्या महादेव गोविंद रानड्यांशी विवाहबद्ध होऊन पुण्याच्या मोठ्या घरात आल्या. रानड्यांनी लग्नानंतर लगेच त्यांना पाटीवर मुळाक्षरे शिकवायला घेतली. घरातल्या थोरल्या स्त्रियांना सुनेचे शिकणे मान्य नव्हते. टोमणे, अबोला, वेगळे पाडणे हे सारे त्या मुलीच्या वाट्याला आले. भोवती इतक्या बायका असूनही त्या दिवसा एकट्या होत्या. रानडे गेले १९०१ साली. त्यानंतर १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ या पुस्तकात रमाबाईंनी हे सारे लिहून ठेवले आहे.

त्यांना कशाने तारले? न्यायाधीशाचे काम आणि सार्वजनिक जीवनाचा व्याप सांभाळून रानडे रात्री त्यांचा अभ्यास घेत. ठरलेली वेळ, दोघांचे एक काम, आणि त्यात प्रश्नोत्तरे. शिकवणे हे तर होतेच, पण त्या मुलीच्या दृष्टीने ती दिवसातली अशी वेळ होती, जेव्हा तिच्या शब्दाला उत्तर मिळत असे. पुढे त्याच रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली.

या उदाहरणाची मर्यादाही दिसते. पतीशी जुळलेले नाते घरातल्या इतर स्त्रियांशी तुटलेले नाते भरून काढू शकले नाही. प्रत्येक नात्याची हाक वेगळी असते आणि तिला वेगळी ओ द्यावी लागते.

म्हणूनच त्या परभणीच्या घरात आईंचा विचार वेगळा करावा लागला. गृहिणीने एक छोटी गोष्ट केली. सासूबाईंनी गॅसचे विचारले, की “केला हो” असे स्वयंपाकघरातून ओरडून न सांगता ती खोलीत जाऊन दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसू लागली. आणि रोज एक गोष्ट त्यांना विचारू लागली. लोणच्याचे प्रमाण, पूर्वीच्या घरातल्या माणसांची नावे, नेमगिरीच्या यात्रेला बैलगाडीने जात त्या वेळच्या आठवणी. दोन आठवड्यांत गॅसचा प्रश्न एकदाच येऊ लागला. तो पूर्ण थांबला नाही, आणि थांबायला हवा असेही नाही. येथे एक सावधगिरी मात्र हवी. वृद्ध माणूस तेच तेच विचारत असेल, सोबत दिवस-वार विसरत असेल किंवा ओळखीच्या वाटेवर गोंधळत असेल, तर तो एकटेपणा समजून न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

क्षमापनेचा नेमका अर्थ

आपल्याकडे वर्षातून एक दिवस या कामासाठीच राखलेला आहे. संवत्सरीला वा क्षमावाणीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून आपण क्षमा मागतो. अलीकडे त्या दिवशी एकच सुबक चित्र शेकडो क्रमांकांवर पाठवले जाते आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे वळून मात्र काहीच म्हटले जात नाही. “जाणता-अजाणता काही चुकले असेल तर” या सर्वसमावेशक वाक्यात कुठलीच चूक नेमकी कबूल होत नाही. त्या घरात यंदा पर्युषणानंतर यजमान पत्नीला म्हणाले, “मांडवात तुला परक्याकडून ऐकावं लागलं. ते मी सांगायला हवं होतं.” प्रसंग, आपली कृती आणि समोरच्याला झालेला त्रास, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. “पण तूसुद्धा” हे शब्द त्यात नव्हते. ते शब्द आले, की क्षमा मागणे संपते आणि उलटतपासणी सुरू होते.

उपाय कुठे पुरे पडत नाहीत

हे सारे उपाय जिथे दोघांमध्ये मुळात सद्भाव आहे आणि केवळ सवय मोडली आहे, तिथे लागू पडतात. जिथे मारहाण आहे, धाक आहे, माहेरच्यांशी बोलू दिले जात नाही किंवा पैशांवाचून अडवून ठेवले जाते, तिथे ओ देण्याचा सल्ला देणे अन्याय ठरेल. तिथे मदत मागावी. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. त्याचप्रमाणे दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो केवळ घरातला एकटेपणा नव्हे. ते नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. बुडालेल्या उधारीच्या चिंतेत गप्प झालेल्या व्यापाऱ्यानेही हा क्रमांक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्या घराचे पुढे काय झाले? साडेचार लाखांपैकी काही रक्कम हप्त्यांनी आली, बाकीची येईल न येईल. मुलगी सुटीला घरी आली तेव्हा तिला एक बदल जाणवला. “बाबांना सांग” असे तिला कुणी म्हणत नव्हते. ज्याला सांगायचे त्याला माणसे स्वतःच सांगत होती. अजूनही एखाद्या रात्री यजमान मोबाइलवरची नजर न काढता “हं” म्हणतात. फरक इतकाच, की थोड्या वेळाने फडताळाचे दार वाजते, मोबाइल आत जातो आणि ते विचारतात, “काय म्हणत होतीस मघाशी?”